आधी बाप, मग लेक

आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीत मागच्या रांगेतला डबा काढायचा म्हणजे पुढचे चार डबे ओट्यावर येतात. साबुदाणा हवा असला की पोहे, रवा, गूळ, शेंगदाणे सगळे बाहेर. परत ठेवताना आई ते होते तसे ठेवत नाही. साबुदाणा सगळ्यांत पुढे, कारण श्रावण लागलाय आणि तो उद्यापरवा पुन्हा लागणारच. पण बाकीच्या डब्यांचीही ती त्याच हाताने थोडी फेरमांडणी करते, म्हणजे पुढच्या खेपेला मागे हात घालायला एवढी उचलठेव नको. श्रावण सरला की साबुदाणा आपोआप मागे जातो. त्याला कोणी मागे ढकलत नाही, दुसरे डबे पुढे येतात एवढंच.

डॅनियल स्लेटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी 1985 मध्ये मांडलेली स्प्ले ट्री, म्हणजे संगणकात माहिती रचून ठेवायची एक पद्धत, बरीचशी अशीच वागते. मला तिचं अप्रूप वाटतं ते मात्र साबुदाणा पुढे आणण्याचं नाही. तेवढं कोणालाही सुचेल. बाकीच्या डब्यांचं काय करायचं, खरी मेख तिथे आहे.

आधी साधं शोधझाड. झाडाच्या प्रत्येक गाठीला नोड म्हणतात आणि प्रत्येक नोडवर एक किल्ली, म्हणजे जिच्यावरून माहिती शोधायची तो आकडा. वर एक मूळ नोड, त्याच्या डावीकडे त्याच्याहून लहान किल्ल्या, उजवीकडे मोठ्या, आणि खाली प्रत्येक नोडपाशी हाच नियम. झाड नीट समतोल असेल तर 10 लाख किल्ल्यांमधून हवी ती वीसेक पायऱ्यांत सापडते. समतोल बिघडला तर झाडाची दोरी होते आणि शेवटच्या किल्लीसाठी 10 लाख पायऱ्या उतराव्या लागतात. एव्हीएल आणि रेड-ब्लॅक ही झाडं हे टाळण्यासाठी प्रत्येक नोडवर उंचीचा किंवा रंगाचा हिशेब ठेवतात आणि समतोल कधी फारसा ढळूच देत नाहीत. शिस्तीची मंडळी. स्प्ले ट्री नोडवर काहीच लिहून ठेवत नाही. तिचा नियम एकच: जी किल्ली मागितली, ती मुळाशी आणायची.

आणायचं साधन म्हणजे रोटेशन. लेक आपल्या बापाच्या जागी चढते, बाप तिच्या हाताखाली येतो, आणि मधलं एक पोटझाड तिच्याकडून त्याच्याकडे जातं. लहान डावीकडे, मोठं उजवीकडे हा नियम कुठेही मोडत नाही. मग पटकन सुचणारी गोष्ट अशी की मागितलेल्या किल्लीला एकेक रोटेशन देत थेट वर न्यावं. ब्रायन ॲलन आणि इयन मन्रो यांनी 1978 मध्ये हीच पद्धत तपासली होती. ती कुठे अडते ते सात किल्ल्यांवरही दिसतं.

समजा झाड अगदी बिघडलेलं आहे: वर 7, त्याच्या डावीकडे 6, मग 5, असं करत तळाला 1. आता 1 मागा. सहा पायऱ्या उतरलो, सहा रोटेशनं देऊन 1 वर आणला. उरलेल्यांकडे पाहा: 1 च्या उजवीकडे 7, त्याखाली 6, मग 5, 4, 3 आणि तळाला 2. दोरी जशीच्या तशी, फक्त तिचं तळाचं टोक कापून वर चिकटवलंय. आता 2 मागितला की पुन्हा सहा पायऱ्या. मग 3 ला पाच, 4 ला चार, 5 ला तीन, 6 ला दोन, 7 ला एक. सगळ्या मिळून 27. आणि शेवटी झाड कसं दिसतं? वर 7, मग 6, मग 5... जिथून निघालो तिथेच. ही फेरी कितीही वेळा मारा, दर वेळी 27. सातच्या जागी 1000 किल्ल्या असत्या तर दर फेरीला 5 लाखांवर पायऱ्या.

स्प्ले ट्रीने इथे जो बदल केला तो कोडमध्ये एका अक्षराएवढा आहे. `rotate(x)` म्हणजे x ला बापाच्या वर चढवणं, `p` म्हणजे बाप आणि `g` म्हणजे आजा असं धरलं, तर एका वेळी दोन पिढ्या चढायच्या त्या अशा:

```
if same_side(x, p, g):
    rotate(p); rotate(x)
else:
    rotate(x); rotate(x)
```

आजा उरला नसेल, म्हणजे बापच मूळ असेल, तर एक साधं `rotate(x)`. वाट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी वळत असेल तर जुनीच पद्धत. पण लेक, बाप, आजा तिघं एका रेषेत असतील, तर आधी बापाला आजाच्या वर चढवायचं आणि मग लेकीला बापाच्या वर. याला झिग-झिग म्हणतात. पहिल्यांदा वाचताना हा नुसता क्रमाचा हट्ट वाटतो. लेक शेवटी पोचते तिथेच, रोटेशनंही तेवढीच. मग काय फरक पडतो?

त्याच दोरीवर करून बघू. 1 ला वर आणायला तीन झिग-झिग लागतात. पहिल्यानंतर 1 च्या उजवीकडे 2 आणि त्याच्या उजवीकडे 3. दुसऱ्यात 4 आणि 5 या गठ्ठ्यात येतात: 1 च्या उजवीकडे 4, त्याच्या डावीकडे 2 (आणि 2 ला लटकलेला 3), उजवीकडे 5. तिसऱ्यानंतर 1 मुळाशी, त्याच्या उजवीकडे 6, आणि 6 च्या हाताखाली डावीकडे 4 चा सगळा गोतावळा, उजवीकडे 7. सर्वांत खोल नोड आता 3, चार पायऱ्यांवर. आधी तळ सहा पायऱ्यांवर होता. वाटेत लागलेली दोरी जवळजवळ मधोमध दुमडली गेली. आता 2 मागितला तर तीनच पायऱ्या, मग 3 ला दोन, 4 ला एक, 5 ला दोन, 6 ला एक, 7 ला एक. पूर्ण फेरी 16 पायऱ्यांत. कागदावर सात गोल काढून हे एकदा स्वतः करून पाहा. वाचून हाताला कळत नाही.

गंमत म्हणजे या फेरीच्या शेवटीसुद्धा झाड पुन्हा 7, 6, 5 अशी दोरीच होतं! म्हणजे स्प्ले ट्री झाड सरळ ठेवते असं म्हणण्याची सोय नाही. मग ती वेगवान आहे हे कशाच्या जोरावर म्हणायचं? इथे अमॉर्टाइज्ड विश्लेषण लागतं. एकेका शोधाचा खर्च सुटा न पाहता शोधांची सगळी रांग धरून हिशेब करायचा.

त्यासाठी झाड किती बिघडलंय याचं एक माप हवं. प्रत्येक नोडच्या पोटात, तो स्वतः धरून, किती नोड आहेत ते मोजा आणि सगळ्या आकड्यांचा गुणाकार करा. सातच्या दोरीचा गुणाकार 7×6×5×4×3×2×1, म्हणजे 5040. अगदी समतोल झाडाचा 7×3×3, म्हणजे 63. आता 1 मागितल्यानंतरचा हिशेब. जुन्या पद्धतीने आलेल्या झाडाचा गुणाकार पुन्हा 5040. सहा पायऱ्यांची मेहनत झाली आणि बिघाड तसूभर कमी झाला नाही. झिग-झिगने आलेल्या झाडाचा 7×6×4×2, म्हणजे 336. मला या दोन आकड्यांत सगळी स्प्ले ट्री दिसते. तोच शोध, तीच सहा रोटेशनं. एकात घाम वाया गेला, दुसऱ्यात घरही आवरलं गेलं.

सिद्धतेत या गुणाकाराचा दोनच्या पायाचा लॉगरिदम घेतात आणि त्याला पोटेन्शियल म्हणतात. 5040 चा सुमारे 12.3 येतो, 336 चा 8.4. म्हणजे सहा पायऱ्यांच्या शोधात पोटेन्शियल 3.9 ने उतरलं, आणि हिशेबी खर्च उरला दोनाच्या आसपास. उलट पुढच्या स्वस्त शोधांत झाड हळूहळू बिघडतं आणि पोटेन्शियल चढतं, तेव्हा ती चढही त्या स्वस्त शोधाच्याच नावावर पडते. स्लेटर आणि टार्जन यांनी दाखवलं की खरा खर्च आणि पोटेन्शियलमधला बदल यांची बेरीज n किल्ल्यांच्या झाडात कुठल्याही शोधात `3 log₂ n + 1` च्या वर जात नाही. सात किल्ल्यांना ही मर्यादा साडेनऊच्या आत, 10 लाखांना एकसष्टच्या आसपास. सुरुवातीचं झाड बिघडलेलं असेल तर त्याची थकबाकी एकदाच मोजायची. महाग शोध येतात, पण झाड आधी तेवढं बिघडल्याशिवाय येत नाहीत. यात नशिबाचा भाग नाही, हे मला फार आवडतं. ही सरासरी शक्यतेच्या गणितातली नव्हे. शत्रूने मुद्दाम वाईटात वाईट किल्ल्या निवडून मागितल्या तरी ती टिकते.

मग मागितलेली किल्ली मुळाशीच का? कारण माणसं आणि प्रोग्रॅम दोघंही मागचंच पुन्हा मागतात. एखादी किल्ली मागच्या खेपेला मागितल्यानंतर मध्ये t वेगळ्या किल्ल्या मागितल्या गेल्या असतील, तर तिचा हिशेबी खर्च साधारण `log t` च्या पटीत राहतो, `log n` च्या नाही. 10 लाखांच्या झाडात सध्या शंभरच किल्ल्यांची ये-जा असेल तर `log₂` वीसवरून सातवर येतो. ते शंभर कोणते हे झाडाला कोणी सांगितलेलं नसतं, आणि उद्या ते बदलले तरी काही कळवावं लागत नाही.

एवढं असून मी ही सर्रास वापरणार नाही. नुसतं वाचणंसुद्धा इथे लिहिणं असतं. रेड-ब्लॅक झाडात एकाच प्रोग्रॅमचे दहा थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी दहा कामं, एकाच वेळी शोधू शकतात. इथे प्रत्येक शोध मूळ हलवतो, म्हणून प्रत्येकाला कुलूप लावून रांगेत उभं राहावं लागतं. किल्ल्या सरसकट कुठल्याही, सारख्याच प्रमाणात मागितल्या जात असतील तर ही फिरवाफिरव निव्वळ भुर्दंड. आणि एकेका शोधाला वेळेची हमी हवी असेल तर हिचं नावच काढू नये. वरच्या दोरीत 7 नंतर कोणी 1 मागितला की पुन्हा सहा पायऱ्या. 10 लाखांच्या दोरीत तो एक शोध 10 लाख पायऱ्यांचा. सरासरी वेळेचा आलेख सपाट आणि कमाल वेळेच्या आलेखात मधूनच सुळके दिसले, तर आधी इकडे बघावं. एका थ्रेडच्या, तेच तेच विचारणाऱ्या कामाला मात्र ती शोभते. जीसीसी या कंपायलरच्या libiberty नावाच्या लायब्ररीत `splay-tree.c` नावाची फाइल आहे, वाचायलाही अवघड नाही.

त्याच 1985 च्या लेखात दोघांनी एक अंदाज मांडला. शोधांची सगळी यादी आधीच हातात असलेलं, रोटेशनं करणारं, सर्वांत हुशार झाड घ्या. पुढचं काहीच माहीत नसलेली स्प्ले ट्री त्याच्यापेक्षा एका ठरावीक पटीहून जास्त मागे पडणार नाही. तो अजून कोणी सिद्ध केलेला नाही, आणि खोटाही पाडलेला नाही.