ऑक्सिजन ९८ आणि मिनिटाला पाच श्वास

वेदनाशमनाच्या गृहभेटींसाठी मी सांगलीच्या आसपासच्या गावांत जातो. ज्या रुग्णाविषयी लिहीत आहे ते सत्तरीच्या जवळ आलेले शेतकरी होते. कर्करोग मणक्यात पसरलेला होता आणि दर चार तासांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालू होती. वेदना आटोक्यात होत्या, ते जागे असत, बोलत असत. त्या दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला. "मामंजी सकाळपासून झोपूनच आहेत, पण काळजीचं काही नाही ना डॉक्टर? ऑक्सिजन ९८ आहे." मी गोळी थांबवायला सांगितली, त्यांना हाक मारून जागे ठेवायला सांगितले आणि निघालो.

खोलीत गेल्यावर मी त्यांना हात लावला नाही, हाकही मारली नाही. गुंगीच्या औषधाखाली असलेल्या माणसाला हलवले किंवा आवाज दिला, की तो काही काळ बरा श्वास घेऊ लागतो आणि मोजणी चुकते. छातीकडे पाहत घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजले, तर श्वास पाच भरले, आणि मध्ये एक लांब खंड पडला. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. घशातून घरघर येत होती, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि खांदा जोरात दाबल्यावरच डोळे किलकिले झाले. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर मात्र ९८ हा आकडा स्थिर होता. यंत्र बिघडलेले नव्हते, तो आकडा खरा होता.

त्याचे कारण पलंगाशेजारी गुरगुरत होते. आदल्या दिवशी त्यांना धाप लागल्यासारखे वाटले, म्हणून मुलाने नातेवाइकांकडे २०२१ च्या लाटेपासून पडून असलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणला आणि मिनिटाला दोन लिटरवर लावला. त्याआधी साध्या हवेवर ९५ दिसत असे. यंत्र लावल्यावर ९८ झाले आणि घर निश्चिंत झाले. त्यांना झोप लागावी म्हणून त्याच रात्री घरात असलेली अल्प्राझोलामची गोळीही दिली गेली होती. आणखी चौकशी केल्यावर कळले, की उलट्यांमुळे दोन दिवस पोटात पाणी टिकत नव्हते आणि लघवी फार कमी झाली होती. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारा, मॉर्फिनसारखाच परिणाम करणारा घटक मूत्रपिंडांवाटे बाहेर जातो. मूत्रपिंडे मंदावली, की नेहमीचीच मात्रा दर चार तासांनी साचत जाते आणि श्वास मंदावतो.

आता त्या ९८ विषयी. ऑक्सिमीटर रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे, तेवढेच सांगतो. श्वास मंदावल्यावर सर्वांत आधी वाढतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो या यंत्राला दिसतच नाही. साध्या हवेवर निरोगी फुप्फुसांच्या वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर असतो आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा ४०. श्वास इतका मंदावला की कार्बन डायऑक्साइड ८० वर गेला, तर वायुकोशांतील ऑक्सिजन ५० च्या आसपास उतरतो आणि ऑक्सिमीटर ८५ च्या घरात येतो. म्हणजे साध्या हवेवर यंत्र सूचना देते, पण बराच उशीर झाल्यावर. दोन लिटर ऑक्सिजनवर श्वासातील हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण २८ टक्क्यांवर जाते. तेवढ्याने कार्बन डायऑक्साइड ८० असतानाही वायुकोशांतील ऑक्सिजन १०० च्या जवळ राहतो, म्हणजे धडधाकट माणसाएवढाच. ही गणिते ढोबळ आहेत आणि आजारी फुप्फुसांत आकडे बदलतात, पण दिशा हीच राहते. थोड्याशा जादा ऑक्सिजनने यंत्राची उशिरा येणारी सूचनाही पुसली जाते. भूलतज्ज्ञांना हे रोज दिसते: आधी भरपूर शुद्ध ऑक्सिजन दिलेल्या निरोगी माणसाचा श्वास पूर्ण थांबला, तरी आकडा कित्येक मिनिटे ९० च्या वर राहतो.

हे ऐकून मुलाने विचारले, "मग नळी काढून बघू का, खरा आकडा कळेल?" मी ठाम नाही म्हटले. ऑक्सिजन काढल्याने श्वास वाढत नाही; आकडा पाहण्यासाठी मेंदूला उपाशी ठेवण्यासारखे ते झाले असते. त्यांना कुशीवर वळवून हनुवटी वर धरली तेव्हा घरघर थांबली. मुलाला १०८ वर फोन करायला लावला. मॉर्फिनचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलॉक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची कुपी सलाइनमध्ये मिसळून १० मिलिलिटर केली आणि त्यातले एकेक मिलिलिटर दोन-दोन मिनिटांनी शिरेतून दिले. सगळी कुपी एकदम दिली असती, तर कर्करोगाची दाबलेली वेदना उसळून आली असती. तिसऱ्या वेळेनंतर श्वास दहावर आले. ते पूर्ण जागे झाले नाहीत, कारण अल्प्राझोलामवर नॅलॉक्सोनचा परिणाम होत नाही. नॅलॉक्सोन तास-दीड तासात उतरते आणि साचलेले मॉर्फिन त्याहून जास्त टिकते, म्हणून श्वास सुधारले तरी रुग्णालय टाळता येणार नव्हते. तिथे पोहोचल्यावर तपासलेल्या धमनीच्या रक्तात, श्वास सुधारून तासभर झाल्यानंतरही, कार्बन डायऑक्साइड ६२ होता. मूत्रपिंडे मंदावली की वाढणारे क्रिएटिनिन २.९ आले.

वाट पाहत असताना सुनेने मला ऑक्सिमीटरचा पडदा दाखवला. वरखाली होणारी रेघ म्हणजे श्वास, आणि ती चालू आहे तोवर श्वास चालू आहे, असे ती रात्रभर समजत होती. ही समजूत मी इतर घरांतही ऐकली आहे आणि ती मला सर्वांत धोक्याची वाटते. ती रेघ नाडीची असते. श्वास थांबल्यानंतरही हृदय काही मिनिटे चालते आणि रेघही चालते. SpO2 च्या शेजारी PRbpm म्हणून दिसणारा आकडाही नाडीचाच. काही नव्या यंत्रांवर RR म्हणून श्वासांची संख्या येते, पण तीही नाडीच्या लहरीतील बारीक चढउतारांवरून काढलेला अंदाज असतो आणि बोट गार असेल किंवा हलत असेल, तर त्यावर विसंबता येत नाही. शिवाय यंत्र लावण्यासाठी बोट उचलले, की झोपलेला माणूस चाळवतो, दोन खोल श्वास घेतो आणि आपण नेमका तोच बरा क्षण टिपतो. सावळ्या त्वचेवर ही यंत्रे प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, हेही आपल्याकडे ध्यानात ठेवायला हवे.

त्या कुटुंबाला मी जे शिकवले, त्यात यंत्र दुसऱ्या क्रमांकावर होते. आधी न उठवता पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, मग हाक मारायची. श्वास दहापेक्षा कमी असतील, तर पुढची गोळी न देता मला फोन करायचा. आठपेक्षा कमी असतील, किंवा आकडा कितीही असला तरी माणूस हाकेने नीट जागा होत नसेल, किंवा पूर्वी नसलेली घरघर सुरू झाली असेल, तर कुशीवर वळवायचे, १०८ लावायचा आणि मदत येईपर्यंत हाका मारत राहायचे.

चौथ्या दिवशी ते घरी आले. मॉर्फिनऐवजी फेंटानिलचा पॅच कमी मात्रेत सुरू केला होता, कारण मूत्रपिंडे मंद असताना तो तुलनेने कमी साचतो. अल्प्राझोलाम बंद केले आणि गरज नसल्याने कॉन्सन्ट्रेटरही परत पाठवला. आता साध्या हवेवर ९५ दिसते. सुनेला हा आकडा ९८ पेक्षा कमी म्हणून खटकला, तेव्हा मी सांगितले, की हा निदान खाली तरी येऊ शकेल. श्वास मंदावले, तर उशिरा का होईना, याच्यावर ते दिसेल.