आमची वाटचाल : दाखल्यावर ३ लाख ४० हजार, मोडीला १ लाख ८५ हजार

कोल्हापूरच्या गुजरीत आमची पेढी आहे. नवे दागिने आम्ही थोडे विकतो. खरं काम जुने दागिने विकत घेण्याचं. सुरुवातीच्या काळात या धंद्यात कसोटीवर घास काढायचा, भिंगातून खडे पाहायचे आणि एक आकडा सांगायचा, अशी रीत होती. साध्या सोन्याच्या बांगडीला ती चालून जायची, कारण गिऱ्हाईक मनातल्या मनात वजन गुणिले भाव करून पाहू शकायचं. हिऱ्यांचे दागिने मोडीला यायला लागले, सोबत मूल्यांकनाचा दाखला यायला लागला, आणि तो एक आकडा कुणाला पटेना. दाखल्यावर ३ लाख ४० हजार असताना दुकानदार १ लाख ८५ हजार म्हणतो, म्हणजे तो लुबाडतोय असंच कुणालाही वाटेल. तेव्हापासून आम्ही आकडा तोंडी सांगणं बंद केलं आणि प्रत्येक दागिन्याची फोड लिहून द्यायला लागलो. ती फोड कशी करतो, ते इथे सविस्तर मांडतो.

उदाहरणाला १८ कॅरेटचा हिऱ्यांचा हार घेऊ. एकूण वजन २०.५ ग्रॅम, त्यात २.५ कॅरेट हिरे. हिऱ्यांच्या वजनात एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणून हिऱ्यांचं वजन अर्धा ग्रॅम आणि निव्वळ सोनं २० ग्रॅम. हिशोब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १० हजार धरू. हिऱ्यांचा दर प्रतीप्रमाणे पुष्कळ बदलतो, त्यामुळे पुढचे दर फक्त या उदाहरणापुरते समजावेत.

दाखला देणारा मूल्यमापक बहुतेक वेळा विम्यासाठी आकडा काढतो. त्याच्यापुढचा प्रश्न असतो : हा हार हरवला, तर असाच नवा हार दुकानातून घ्यायला किती लागतील? म्हणून तो १८ कॅरेटचं, म्हणजे ७५ टक्के शुद्ध सोनं ग्रॅमला ७,५०० ने धरतो, त्याचे दीड लाख. घडणावळ ग्रॅमला १,५०० ने ३० हजार. हिरे दुकानातल्या विक्रीच्या दराने, कॅरेटला ६० हजार धरून दीड लाख. बेरीज ३ लाख ३० हजार, त्यावर ३ टक्के जीएसटी ९,९००. झाले ३ लाख ३९ हजार ९००. या दाखल्यात खोटं काहीच नाही. मात्र हा नवा हार घेण्याचा खर्च आहे. हातातला हार विकला तर काय येईल, हे मूल्यमापकाला कुणी विचारलेलंच नसतं.

आता आमच्या बाजूने तोच हार पाहू. घडणावळ आणि जीएसटी मिळून ३९,९०० पहिल्याच पायरीवर जातात. कारागिराची मजुरी हारातच आहे, पण पुढचा खरेदीदार त्या नक्षीसाठी पैसे मोजत नाही, कारण हार मोडला जाणार आहे. जीएसटी सरकारजमा झालेला असतो. विकणाऱ्या घरगुती माणसाला तो परत मिळण्याची सोय नाही.

हार मोडायचाच का, तसाच का विकत नाही, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर टंचात, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेत सापडतं. शिक्का ७५० चा, म्हणजे ७५ टक्क्यांचा असला तरी यंत्रावर तपासल्यावर जुन्या हारात बऱ्याचदा ७३ ते ७४ टक्केच सोनं निघतं. कड्या आणि खड्यांची घरं जोडताना डाक वापरलेला असतो, त्यात सोन्याचं प्रमाण कमी असतं. जितके जोड जास्त, तितका टंच खाली. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. जुना हार पुन्हा विकायचा तर तो हॉलमार्क केंद्रावर न्यावा लागतो. तिथे ७३.५ टक्के निघाले, तर १८ कॅरेटचा शिक्का मिळत नाही. म्हणजे हार कितीही सुंदर असला तरी आमच्या काउंटरवर तो १८ कॅरेट म्हणून ठेवता येत नाही. तो सोनं आटवून शुद्ध करणाऱ्या गलाईवाल्याकडेच जातो. (पोलकी, कुंदन, जडाव यांना हॉलमार्कमधून सूट आहे. पण त्यांच्यात आत लाखेचं भरण असतं आणि एकूण वजनातून त्या लाखेचं किती वजन वजा करायचं यावरच सगळा वाद होतो. तो वेगळा विषय आहे.)

गलाईचं काम आपल्याकडच्यांना सांगायला नको. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं देशभर हेच करतात. २० ग्रॅम सोन्यातून ७३.५ टक्क्यांनी १४.७ ग्रॅम शुद्ध सोनं निघतं, त्याचे १ लाख ४७ हजार. आटवताना होणारी घट, गलाईची मजुरी आणि लगड विकताना भावातला किरकोळ फरक मिळून आम्ही दीड टक्का धरतो. हाती येतात १ लाख ४४ हजार ८००. दाखल्यातले दीड लाख आणि हे, यांत फरक जेमतेम ५,२०० चा. सोन्याच्या बाबतीत दाखला आणि मोड जवळजवळ बरोबरीने चालतात. मोठी दरी सोन्यात नाही.

ती हिऱ्यांत आहे. दुकानातला कॅरेटला ६० हजार हा दर बसवलेल्या हिऱ्याचा असतो. त्यात सुरतेहून आलेल्या मालाची किंमत, मधल्या व्यापाऱ्याचा नफा, बसवताना फुटणाऱ्या खड्यांची तूट आणि दुकानदाराचा सगळ्यात मोठा नफा असतो. हाच दुकानदार नवे बारीक हिरे व्यापाऱ्याकडून घेतो तेव्हा, समजा, ३२ हजारांना घेतो. ते चाळणीच्या मापाप्रमाणे निवडलेले, एका रंगाचे असतात आणि पैसे द्यायला दोन-तीन महिन्यांची उधारी मिळते. मग जुन्या हारातून निघालेल्या हिऱ्यांना त्याने ३२ हजार का द्यावेत? एका हारातून सात-आठ मापांचे खडे निघतात. रंग सारखा नसतो, काहींच्या कडा झिजलेल्या असतात. ते पुन्हा निवडावे लागतात, आणि एखाद्या मापाचे पुरेसे खडे जमेपर्यंत पुडीतच पडून राहतात. म्हणून त्यांचा भाव २२ हजारांच्या आसपास उतरतो. २.५ कॅरेटमधले ०.२ कॅरेट खडे टवके उडालेले निघाले असं धरलं, तर २.३ कॅरेटचे ५०,६०० होतात. दाखल्यात दीड लाख, इथे ५०,६००. एकट्या हिऱ्यांत ९९,४०० गेले.

मोठ्या एकेरी हिऱ्याची गोष्ट थोडी बरी असते. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत असेल आणि त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर लेझरने कोरलेला असेल, तर व्यापारी हिऱ्यांच्या व्यापारात चालणाऱ्या रॅपापोर्टच्या दरपत्रकावरून अमुक टक्के खाली असा भाव लावतो. एक खडा, एक अहवाल, एक सौदा. दलालाला मुंबईत फोन केला की दोन दिवसांत उत्तर येतं. बारीक हिऱ्यांना ही सोय नाही.

खडे काढण्यातही जोखीम आहे. हार तसाच आटवला तर हिरा उष्णतेने वरून जळून पांढुरका होतो आणि त्याला पुन्हा घासावं लागतं. म्हणून खडे चिमट्याने हाताने सोडवतात किंवा सोनं आम्लराजात विरघळवून खडे गाळून घेतात. हारात पाचू असतील तर ते आधीच काढावे लागतात, कारण पाचूच्या भेगांत तेल भरलेलं असतं आणि आम्लात, उष्णतेत ते टिकत नाही.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक खर्च वाढला. प्रयोगशाळेत बनवलेले हिरे डोळ्याने किंवा भिंगाने ओळखू येत नाहीत. उष्णतेवर चालणारा पेनासारखा टेस्टरही त्यांना हिराच म्हणतो, कारण ते रसायनाने हिरेच असतात. त्यांना पुनर्विक्रीत जवळपास किंमत नाही. म्हणून निघालेला प्रत्येक खडा वेगळ्या तपासणी यंत्रातून न्यावा लागतो, आणि यंत्राने बाजूला काढलेले संशयित खडे प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात. जुन्या हारात मागाहून बदललेले एक-दोन खडे असे सापडतात, आणि मालकिणीलाही ते ठाऊक नसतं. खडे काढणं, धुणं, निवडणं, तपासणी आणि दलाली मिळून या हाराला ३,५०० धरू.

आता बेरीज. सोन्याचे १ लाख ४४ हजार ८०० आणि हिऱ्यांचे ५०,६०० मिळून १ लाख ९५ हजार ४००. खर्च वजा जाता १ लाख ९१ हजार ९००. आम्ही १ लाख ८५ हजार देतो. उरलेले ६,९०० हा आमचा ढोबळ नफा, साधारण पावणेचार टक्के. दुकानभाडं, पगार, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि भाव पडण्याची जोखीम यातूनच. सोनं आम्ही त्याच दिवशी विकून टाकतो, त्यामुळे त्यात धोका कमी. हिऱ्यांचे पैसे मात्र महिन्यांनी मोकळे होतात. दाखला आणि आमचा भाव यांतली तफावत १ लाख ५४ हजार ९०० ची आहे, आणि तिचा जवळपास दोन-तृतीयांश भाग हिऱ्यांच्या दुकानदरात आहे.

भाव खरोखर पाडून मागितला जातोय का, हे फोडीवरून कळतं. खडे काढण्याआधी आणि नंतर, दोन्ही वजनं आपल्यासमोर करायला सांगावीत. २.५ कॅरेटला अर्धा ग्रॅम वजा व्हायला हवा. कुणी दोन ग्रॅम वजा करत असेल तर या भावाने ११ हजारांहून जास्त तिथेच गेले. टंचाची छापील चिठ्ठी मागावी आणि ती हाराच्या एकाच जागेवरची नसावी : डाकाच्या जोडावर यंत्र टेकवलं तर टंच खोटा खाली दिसतो, आणि मुलामा असेल तर खोटा वर. भाव त्या दिवशीचा, जीएसटी वगळून. तो इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनच्या जाहीर दराशी ताडता येतो. हिरे शून्य धरून फक्त सोन्याचे पैसे देणारे दुकानदार बरेच आहेत. तिथे खडे आपले आपण परत मागावेत. हे मागणं पूर्ण हक्काचं आहे. आणि रक्कम बँकेतून घ्यावी. एका दिवसात एका माणसाला १० हजारांहून जास्त रोख दिली तर ती खरेदी व्यापाऱ्याला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे सगळी रोख देऊ करणारा खरेदीदार वहीत ती नोंदच करणार नाही असं समजावं.

बदलीत जास्त मिळतं असं वाटतं, कारण नवा दागिना घेताना काही दुकानं जुन्या सोन्याला पूर्ण भाव देतात. पण नव्याची घडणावळ द्यावी लागते आणि जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, जुनं वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. नवा दागिना खरंच हवा असेल तरच हा मार्ग परवडतो.

हार तसाच, न मोडता विकला जावा असं वाटत असेल तर आम्ही तो विक्रीसाठी ठेवूनही घेतो. अट एकच, टंच शिक्क्याइतका भरला पाहिजे. पॉलिश, रोडियमचा मुलामा आणि हॉलमार्क यांचा खर्च मालकाचा, विकला गेल्यावर आमची दलाली. अशा हारांना मोडीपेक्षा बरी किंमत येते, पण गिऱ्हाईक मिळायला सहा महिने, कधी वर्षही जातं. आपल्याकडे दुसऱ्याच्या अंगावरचा दागिना घ्यायला लोक कचरतात, आणि घेणारा नव्याच्या निम्म्या किमतीपासून बोलायला सुरुवात करतो. पैशाची घाई असेल तर आम्ही स्वतःच हा मार्ग सुचवत नाही.