बोर्डाची नोंद: खोडलेलं ‘कोट. फा.’ जिवंत निघालं

मागच्या नोंदीत एका बैठकीतल्या तीन रंगांच्या व्हाइटबोर्डाच्या फोटोवरून मी कामांची यादी केली होती, आणि ती पूर्ण समजून पाठवली होती. काल बैठकीतल्या एकाचा निरोप आला, “कोटेशनचं काम यादीत दिसत नाही. शुक्रवारी मला ते द्यायचंय.” १९ पैकी एक काम मी चक्क गाळलं होतं. फार लागलं मनाला, म्हणून रात्री पुन्हा फोटो उघडून बसलो.

गोष्ट अशी. डावीकडे वर निळ्या पेनाने ‘कोट. फा. – रे.’ लिहिलंय. त्यावर तांबडी आडवी रेघ. आणि त्याच शब्दांतून निघून, रेघ ओलांडून, खाली ‘शुक्र’च्या चौकटीत शिरणारा निळा बाण. मी धरलं होतं की आधी काम शुक्रवारवर ढकललं आणि नंतर ते रद्दच झालं. पण क्रम उलटा असेल तर अर्थही उलटतो. आधी इथून खोडलं आणि मग बाण काढला, तर ती रेघ म्हणजे ‘इथे नको, तिकडे घ्या’, आणि काम शुक्रवारच्या खात्यात जिवंत राहतं. सगळं येऊन अडलं ते एकाच प्रश्नावर: रेघ आधी की बाण आधी?

याचं उत्तर दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथेच असतं. बोर्डाच्या पेनातला द्राव ओला असताना खालची वाळलेली शाई विरघळवतो, आणि पेनाचं टोक ती शाई पुढे ओढत नेतं. त्यामुळे जुनी रेघ छेदाच्या जागी फिकट पडते किंवा तुटते, आणि नव्या रेघेत छेदाच्या पुढे थोडं अंतर मळका रंग राहतो. मळ ज्या बाजूला, त्या बाजूला हात गेलेला. घरच्या बोर्डावर दोन्ही क्रमांनी दहा-दहा छेद काढून पाहिले, आणि डोळ्यांना फरक ओळखू यायला लागला.

मग मूळ फोटो चौपट मोठा करून पाहिला. तांबडी रेघ छेदाशी तुटलेली, आणि बाणाच्या निळ्यात छेदाच्या खाली जेमतेम अक्षराच्या उंचीइतका जांभळट मळ. म्हणजे बाण नंतरचा! खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या मी.

पहिल्यांदा हे सुटलं कशाने, तर मी स्कॅन अॅपच्या ‘व्हाइटबोर्ड’ मोडमधून आलेल्या चित्रावर काम केलं होतं. हा मोड मला आता अजिबात नको. पांढरं स्वच्छ करायच्या नादात तो नेमका हाच मळ पुसतो. चॅटवरून आलेला फोटोही कामाचा नाही, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, आणि फाइल पुन्हा दाबून लहान केली की पहिल्यांदा रंगाचे बारकावेच जातात. मूळ फाइलच मागा.

मर्यादा एकच, पण मोठी: रेघ आणि बाण एकाच रंगाचे असले की मळ दिसत नाही. तिथे मी आता अंदाज न करता ‘क्रम अनिश्चित’ लिहितो आणि बैठकीतल्या माणसालाच विचारतो.

एवढं लिहिता लिहिता सुचलं की खोडलेला मजकूर वाचायलाही रंगच वापरता येईल. तांबडी शाई फोटोच्या तांबड्या चॅनलमध्ये, म्हणजे फक्त तांबड्या उजेडाच्या चित्रात, जवळजवळ पांढरी दिसते, निळी-काळी मात्र गडद राहते. लगेच ImageMagick मध्ये करून पाहिलं:

```
magick board.jpg -channel R -separate red.png
```

खोड विरली आणि खालचं अक्षर स्पष्ट! मी ‘फा.’ वाचत होतो ते ‘फा.’च आहे, पण फायनल की फाइल? बोर्डावर दुसरीकडे ‘डिझा. फा. पाठव’ आहे. तिथे पाठवायची ती फाइल. इथे पाठवण्याचा उल्लेख नाही आणि कोटेशन तर ठरवायचं असतं, म्हणून फायनल धरलं आणि निरोप देणाऱ्याकडून खात्रीही करून घेतली. ‘रे.’ मात्र नाव आहे. डॅशनंतर उजवीकडे येणारी अशी एक-दोन अक्षरं बोर्डावर सगळीकडे माणसांसाठीच आहेत.

यादीतली ओळ आता अशी: कोटेशन फायनल करणे, जबाबदारी रे.; शुक्रवार; चालू; मूळ जागेवर खोडलेलं, बाण नंतरचा.

पुढचा बेत मी यादीचा नमुना नीट करण्याचा ठरवला होता, तो बाजूला ठेवतोय. आधी बाणांचा वेगळा तक्ता करणार: कुठून, कुठे, कोणता रंग, आणि कोणत्या खोडीच्या आधीचा की नंतरचा. या बोर्डावर असे अजून चार बाण आहेत, त्यातले दोन काळ्यावर काळे.