तळ्याची खोली कुठून मोजायची?

“खोदतं पोकलेन, मोजतो गावातला सुपरवायझर, पैसे देतो देणारा. मग तालुक्याला बसून तुमचं पीएमओ करतं तरी काय?”

पीएमओ म्हणजे आमचं प्रकल्प व्यवस्थापनाचं कार्यालय. ते पोकलेन यायच्या आधी भांडणं मिटवून ठेवतं. यवतमाळ-वाशीमकडे आमची शेततळ्यांची कामं गावोगाव विखुरलेली असतात. एकेक काम इतकं लहान, की त्याला स्वतंत्र मॅनेजर परवडत नाही. म्हणून नियम एकदाच ठरवायचे आणि सगळीकडे तेच चालवायचे.

३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं घ्या. नुसता गुणाकार केला तर माती २७०० घनमीटर भरते. पण तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. उतार एकास एक, म्हणजे मीटरभर खोलीला मीटरभर आत, ठेवला तर माती २१९६, एकास दीड ठेवला तर १९७१. बिल घनमीटरवर निघतं, म्हणजे तीन गावांत त्याच मापाच्या तळ्याची तीन वेगळी बिलं, आणि खोटं कुणीच बोललेलं नाही! आमच्या एका पानाच्या नमुन्यात म्हणून वरची, मधली आणि तळाची लांबी-रुंदी अशी मापं मागितली आहेत. हिशेब शीट करते. भारी काळ्या जमिनीत उतार एकास दीड, मुरमाड असेल तर एकास एक चालतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, उभी कड पहिल्याच पावसात आत येते.

खोलीची गोष्ट जास्त चिवट. खोदलेली माती काठावर पडते, तिचा बांध होतो, आणि टेप बांधावरून सोडला की अडीच मीटरचं तळं कागदावर तीन मीटरचं होतं. त्यामुळे खोदाईआधी मूळ जमिनीच्या पातळीवर, बांध पडणार नाही इतक्या अंतरावर एक खुंटी ठोकून फोटो घ्यायचा. फोटो नाही तर पहिला हप्ता नाही. सुपरवायझर कुरकुरतात, पण हा एकच नियम मी कुणासाठी वाकवत नाही.

बदल कुणी करायचा, हेही आधीच लिहिलेलं असतं. त्याच शेतात जागा सरकवायची किंवा माती बघून उतार बदलायचा तर इंजिनिअरनं जागेवरच ठरवावं. एका शेतकऱ्याऐवजी दुसराच घ्यायचा असेल तर बदल मंजूर करणाऱ्या समितीकडे, आणि उत्तर दोन दिवसांत. पोकलेनचं भाडं तासावर असतं, आणि मृगानंतर सोयाबीन पेरलं की त्या शेतात मशीन नेता येत नाही. समितीची बैठक महिन्यातून एकदाच ठेवली, तर लोक न विचारताच खोदतात.

नमुना नुसता भरण्यासाठी भरला जातोय, हे कळतंही लवकर. दहा तळ्यांचे तळ नेमके २१ बाय २१ आले की समजायचं, मापं घरी बसून लिहिलीत. पोकलेनचा ड्रायव्हर इतका नेमका नसतो. अशा वेळी त्यांतली दोन तळी आम्ही परत मोजतो, कुठली ते न कळवता. रकाने मात्र वाढवत नाही. पान दोनाचं झालं की खोटी मापंही वाढतात.