अकरा पेपर, दोन पेटंट आणि आमचा नकार

"सर, अकरा पेपर आहेत, दोन पेटंट आहेत, पीएचडी आहे. जाहिरातीत मागितलं होतं ते सगळं होतं. मग नाही का म्हणालात?"

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, पण विचारणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत थांबवून विचारलं. दर वेळी मी "जागा एकच होती हो" म्हणून सुटका करून घेतो. ते खोटं नाही, पण उत्तरही नाही.

जागा प्रोसेस डेव्हलपमेंटची होती. ठाणे-बेलापूर रोडवरची प्रयोगशाळा, काम नायट्रो संयुगांच्या हायड्रोजनेशनचं, उत्प्रेरक पॅलेडियम. जाहिरातीत "प्रयोगशाळेपासून पायलट प्लांटपर्यंत" असं लिहिलं होतं आणि ते शोभेला नव्हतं. नायट्रोचं अमीन होताना मोलमागे साधारण 550 किलोज्यूल उष्णता निघते. पन्नास मिलीच्या फ्लास्कमध्ये ती काचेतून निघून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. पाचशे लिटरच्या भांड्यात मालाच्या मानाने भिंत कमी पडते आणि उष्णता आत साठत जाते. त्यामुळे आम्हाला वेग मोजणारा माणूस हवा असतो. किती मिनिटांत किती हायड्रोजन ओढला गेला, ढवळणं वाढवल्यावर वेग वाढला का, तोच उत्प्रेरक तिसऱ्यांदा वापरला तेव्हा काय झालं, हे ज्याला माहीत आहे तो.

एचआरकडून येतो तो तक्ता मात्र वेगळंच मोजतो. पेपरला इतके गुण, पेटंटला त्याहून जास्त, पीएचडीला वेगळे. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही, ढिगाने अर्ज येतात आणि कुठेतरी चाळण लावावीच लागते. त्या तक्त्यात तुमचं नाव सगळ्यात वर होतं. मुलाखतीला तुम्हालाच आधी बोलवा, असं मीच सांगितलं होतं.

बोलावण्याआधी मी पेपर वाचतो. सगळे नाही. ज्यात उमेदवाराचं नाव पहिलं आहे असे दोन-तीन घेतो आणि प्रस्तावना सोडून थेट प्रयोगाच्या भागाकडे जातो. तुमचे महत्त्वाचे पेपर एकाच उत्प्रेरकाचे होते: लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर बसवलेलं पॅलेडियम. काम झालं की बाहेरून चुंबक लावायचं, उत्प्रेरक भिंतीला चिकटतो, द्रव ओतून घ्यायचा. कल्पना सुरेख आहे, हे आधीच म्हणून ठेवतो. अभिक्रिया होती 4-नायट्रोफिनॉलची, सोडियम बोरोहायड्राइड घालून. अर्धा देश हीच अभिक्रिया करतो, कारण ती डोळ्यांना दिसते. पिवळा रंग जातो, प्रकाश शोषणाच्या आलेखात 400 नॅनोमीटरचं शिखर खाली येतं आणि 300 च्या आसपास नवं उभं राहतं. पाणी भरपूर, नायट्रो चिमूटभर, बोरोहायड्राइड पाहिजे त्याहून कितीतरी पट. आमच्याकडे यातलं काहीच नसतं. आमच्याकडे ऑटोक्लेव्हच्या बंद भांड्यात दाबाखालचा हायड्रोजन वायू असतो, तो आधी द्रवात विरघळायला हवा, मग कणापर्यंत पोचायला हवा. वेग बऱ्याचदा उत्प्रेरक ठरवतच नाही, ढवळणारा पंखा ठरवतो. तुमच्या क्युव्हेटमध्ये, मोजणीच्या त्या छोट्या पारदर्शक पेल्यात, ही अडचण उभीच राहत नाही. म्हणजे रेझ्युमेवर "नायट्रो रिडक्शन, पॅलेडियम, पुनर्वापर" आणि जाहिरातीतही तेच, तरी दोन्ही कामांमध्ये सामाईक फारसं काही नाही.

एवढ्यावर मी कुणाला नाही म्हणत नाही. कुठली अभिक्रिया मिळाली हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं. मी अडलो तो त्या आलेखावर.

आठ खांब, सगळे जवळजवळ सारख्या उंचीचे. आठ वेळा वापरला, रूपांतर 99 वरून 97 टक्क्यांवर. खाली वाक्य: क्रियाशीलतेत लक्षणीय घट नाही. मुलाखतीत मी विचारलं, "नमुना कधी काढलात?" तुम्ही म्हणालात, "साठ मिनिटांनी." मी विचारलं, "पहिल्या वेळी रंग कधी गेला होता?" तुम्ही जरा थांबलात आणि खरं ते सांगितलंत, "दहा मिनिटांतच जायचा, सर."

मग मी पाठीमागच्या फळ्यावर हिशोब मांडला. त्याबद्दल तुमच्या मनात अजून राग आहे, कळतं मला. पण हिशोब असा. पहिल्या वेळी दहा मिनिटांत 99 टक्के झालं. बोरोहायड्राइड एवढं जास्त असताना वेग उरलेल्या नायट्रोच्या प्रमाणात राहतो, हे तुमच्याच पेपरात आहे. आता समजा वापरून वापरून उत्प्रेरकाची ताकद पाचव्या हिश्श्यावर आली. साठाव्या मिनिटाला रूपांतर किती दिसेल? 99.6 टक्के. म्हणजे पाचातले चार भाग मेले तरी खांब तेवढाच उंच. ताकद दहाव्या हिश्श्यावर आली, तेव्हा कुठे खांब 94 च्या जवळ येतो. तुमच्या आठव्या खांबावर 97 होते. त्या आलेखातून उत्प्रेरक टिकाऊ आहे असं निघत नाही. तो बराचसा मेलेला असू शकतो आणि आलेख ते सांगणार नाही, एवढंच निघतं. तोच नमुना दुसऱ्या मिनिटाला काढला असता, रूपांतर अर्ध्याच्या आसपास असताना, तर आठ वेळांत काय झालं ते उघडं पडलं असतं.

आमच्या प्लांटमध्ये हाच आकडा म्हणजे पैसा. तिसऱ्या बॅचला वेळ दुप्पट लागला की रिअॅक्टर अडकून पडतो, आणि पॅलेडियम द्रवात निसटत असेल तर ते आधी मालात सापडतं आणि मग तक्रारीत. उत्प्रेरक गाळून गरम द्रव तसाच पुढे चालू ठेवला तर अभिक्रिया थांबते का, हे तुम्ही पाहिलं होतं का, असं मी विचारलं. "गाइडनी सांगितलं नव्हतं," असं म्हणालात.

आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी अजून विसरलो नाही. "सर, आमच्या विभागातला ऑटोक्लेव्ह मी गेले तेव्हापासून बंदच होता. सील मागवलं की फाइल फिरत राहायची. क्युव्हेटमध्ये जमलं ते केलं. पाच वर्षं मी दुसरं काय करायचं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पेटंटकडे वळलो. तिथे निदान कागद बोलतात.

पेटंटचं थोडक्यात. भारतातल्या अर्जाचा क्रमांक बारा आकडी असतो. पहिले चार वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा. तिथे 2 असला तर मुंबई, म्हणजे आपलं अँटॉप हिल. तो क्रमांक घेऊन कार्यालयाच्या शोधपानावर गेलं की सगळं दिसतं. तुमचं पहिलं "पेटंट" हा प्रकाशित झालेला अर्ज होता. 18 महिने झाले की अर्ज आपोआप प्रकाशित होतो, कुणी तपासलेला नसतानाही. त्याला पेटंट म्हणू नका, अर्ज म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. दुसरं खरोखर मंजूर झालेलं होतं. त्याचं शीर्षक मोठं होतं, पण मी वाचतो ती दाव्यातली पहिली कलमं. तिथे परीक्षकाच्या आक्षेपांनंतर पॅलेडियमचं प्रमाण, तापमान, क्रम, सगळं आवळत आणलेलं होतं. आक्षेपांना दिलेलं उत्तरही तिथेच वाचायला मिळतं. ते मी हौसेने वाचतो, पण ते वकिलाने लिहिलेलं असतं, त्यावरून तुमची परीक्षा होत नाही. पाच शोधकांत तुमचा हिस्सा कुठला, हे तुम्ही नीट सांगितलंत. पेटंटावर तुम्ही कमी पडला नाहीत.

निवड झाली त्या मुलाचे दोन पेपर होते, पेटंट एकही नाही. तक्त्यात तो पार खाली होता. त्याचा प्रबंध मी शोधगंगेवर उघडला. चौथ्या प्रकरणात एक कुरूप आलेख होता. ढवळण्याचा वेग 400, 600, 800, 1000 फेरे. 800 पर्यंत अभिक्रिया वेगवान होत गेली, पुढे सपाट. त्याखाली एक ओळ होती: पुढचे सर्व प्रयोग 1000 वर. नंतर पुनर्वापराचा तक्ता, त्यात तिसऱ्या वेळी लागलेला वेळ जवळपास दीडपट, आणि कारण शोधण्याची खटपट. कारण सापडलंच नव्हतं. त्याने तसं लिहिलं होतं. पेपरात हे काहीच नव्हतं, पेपरात चांगले आकडे तेवढे गेले होते. म्हणून मी प्रबंध उघडतो.

तुमचाही उघडला होता. पेपरच बांधून लावले होते.

आता तुम्ही म्हणाल, त्याच्याकडे चालू ऑटोक्लेव्ह होता. होता. त्याने हुशारी दाखवली की त्याला सील वेळेवर मिळालं, हे मला सांगता येणार नाही. मी स्वतः पीएचडी करत होतो तेव्हा हायड्रोजन फुग्यात भरून फ्लास्कवर लावायचो. दाब मोजायचा प्रश्नच नव्हता. कंपनीतले लोक येऊन "स्केल-अप केलंय का?" विचारायचे तेव्हा चहाच्या टपरीवर आम्ही त्यांची टर उडवायचो: यांना विज्ञान नको, यांना फोरमन हवाय. त्या पोराने आजचा मी पाहिला तर तो हेच म्हणेल, आणि मला त्याला गप्प करता येणार नाही. फुगा लावणारा मी आज इथे बसलोय, म्हणजे कुणीतरी तेव्हा फुग्याच्या पलीकडचं पाहिलं होतं.

पण मग मी पुन्हा त्या दहा मिनिटांवर येतो. ऑटोक्लेव्ह नव्हता, मान्य. घड्याळ होतं. दुसऱ्या मिनिटाला नमुना काढायला निधी लागत नाही. यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे: आठ सारखे खांब दिसले नाहीत तर पेपर परत येतो, आणि पेपर आला नाही तर तुमच्या तक्त्यात मी वर येत नाही. यात तुमचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि निर्णय बदलावा असंही वाटत नाही.

नव्या जागेची जाहिरात निघते आहे. त्यात मी एक ओळ घालायला सांगितली: उत्प्रेरकाचा पुनर्वापर केला असल्यास नमुने कोणत्या मिनिटाला घेतले तेही अर्जात लिहावे. एचआरने ती काढून टाकली, अशाने अर्जच येणार नाहीत म्हणाले. मी परत घातली आहे. अजून मसुदा इकडून तिकडे फिरतोच आहे.