आमची वाटचाल : कांद्याच्या पावडरीनं शिकवलेलं गणित

आम्ही घरचा कांदा वाळवून फ्लेक्स आणि पावडर विकतो, स्वतःच्या नावानं. पॅकिंग, लेबल, ब्रँडचं नाव यावर आम्ही महिनेच्या महिने डोकं घातलं, आणि ड्रायरमधून बाहेर काय येतंय याकडे मात्र, खरं सांगायचं तर, नीट बघितलंच नाही.

पहिली चूक हिशोबाची. १०० किलो कांदा आणला की वाटायचं वीसेक किलो तरी माल निघेल. पण सालं, शेंडा-बूड आणि सडका भाग काढला की उरतो ८५ किलोच्या आसपास, आणि आमच्या लाल कांद्यात बाकी सगळं पाणीच, कोरडा भाग फक्त १२ टक्के. म्हणजे दहा किलोच्या वर थोडं, त्यातही चाळताना, दळताना काही जातंच. थोडक्यात दहाला एक. आम्ही भाव ठरवला होता पाचाला एक धरून, त्यामुळे पहिल्या लॉटमध्ये जेवढं जास्त विकलं तेवढा तोटा वाढला.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पावडर पाऊचमध्ये भरून पाठवली आणि तीन-चार आठवड्यांनी फोन सुरू झाले. एक बाई म्हणाल्या, "ताई, ही पावडर आहे की दगड?" पाऊच परत मागवले, कापून बघितले तर आत खरंच एकच ढेकूळ, चमचा घातला तर चमचाच वाकेल. आधी सुटा माल द्यायचो तेव्हा ढेकूळ झालं तरी कुणाचं ते कुणाला कळायचं नाही, आता पाकिटावर आमचंच नाव होतं ना!

मला वाटलं पाऊच खराब आहे. तोही पातळच होता, दमट हवा आत जात असणार, पण मुख्य घोळ आधीचाच होता. लवकर उरकावं म्हणून आम्ही सुरुवातीपासूनच ड्रायर फार तापवायचो, चकत्याही कुठे जाड कुठे पातळ. त्यामुळे चकतीचं वरचं आवरण पटकन कडक व्हायचं आणि आतलं पाणी आतच अडकायचं. हाताला कुरकुरीत लागायचं म्हणून झालं समजून आम्ही दळायचो, तेही कधीकधी गरम असतानाच. कांद्यात साखर भरपूर, तिला जरा ओल मिळाली की चिकटपणा येतो आणि पावडर धरते.

मग सासऱ्यांनी (त्यांना आम्ही अण्णा म्हणतो) वजनकाटाच ड्रायरशेजारी आणून ठेवला, म्हणाले हाताला विचारू नका, काट्याला विचारा. तेव्हापासून प्रत्येक लॉटच्या १०० ग्रॅम चकत्या वजन उतरायचं थांबेपर्यंत वेगळ्या वाळवतो. थोडा ओलावा तरीही उरतोच, पण आमच्या कामाला चालतं. समजा १२ ग्रॅम उरले, तर ४ किलोच्या ट्रेमध्ये कोरडा भाग ४८० ग्रॅम. आम्हाला ५ टक्के ओलावा हवा असतो, म्हणजे ट्रेमधला माल साधारण ५०५ ग्रॅमवर यायला हवा. काटा ६०० दाखवत असेल तर अजून २० टक्के पाणी आहे, माल कितीही कुरकुरीत वाटू दे. पांढऱ्या कांद्यात कोरडा भाग जास्त असतो, एका लॉटला १६ निघाला, त्या ट्रेचं टार्गेट मग ६७४ ग्रॅमच्या आसपास आलं. तास मोजून बंद करायची सवय होती तेव्हा हे कळणारच नव्हतं.

आता चकत्या एकसारख्या कापतो, तापमान ५५ ते ६० अंशांवरच ठेवतो, घाई झाली तरी वाढवत नाही. वाळलेला माल पूर्ण गार करून हवाबंद काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवतो, रोज बरणी हलवून बघतो. काचेवर वाफ धरली किंवा तुकडे एकमेकांना चिकटले तर अख्खा लॉट परत ड्रायरमध्ये. या आठवड्यावरून घरात भांडणं झालीत, ऑर्डर आलेली असते आणि मी माल सोडत नाही! पावडर मात्र ऑर्डरपुरतीच दळतो आणि लगेच फॉइलच्या लहान पाऊचमध्ये सील करतो, मोठं पाकीट घरी उघडलं की पंधरा दिवस हवा खात बसतं. प्रत्येक लॉटचा एक पाऊच बॅच नंबर टाकून आमच्याकडेच राहतो, फोन आला की आधी तो कापून बघतो.

तरी पावडरीपेक्षा फ्लेक्सच जास्त करतो, ते लवकर धरत नाहीत. आता टोमॅटोची ट्रायल चालू आहे. त्यात कोरडा भाग पाचेक टक्केच, ४ किलोच्या ट्रेमधून जेमतेम २१० ग्रॅम माल निघतो, म्हणून अण्णांनी या वेळी भाव आधी मांडायला लावलाय, लेबल नंतर.