दोन्ही पडलेत, पण आधी कोण पडलं?

‘मॅडम, ब्लड गॅसच्या रिपोर्टमध्ये बायकार्बही कमी, सीओटूही कमी. मग हा मेटॅबॉलिक ॲसिडोसिस की रेस्पिरेटरी अल्कलोसिस, हे ठरवायचं कसं?’

पीएच बघून. सोप्या प्रश्नांत तेवढं पुरतं, आणि मी राउंडला घाईत असले की एवढंच सांगून पुढे जाते. पण विचारणाऱ्याचं समाधान झालेलं नसतं, कारण त्याला अडवणारा प्रश्न सोपा नसतोच. म्हणून आज जरा निवांत.

पडलेल्या दोन आकड्यांपैकी एक स्वतःहून पडलेला असतो, दुसरा त्याला सावरायला मुद्दाम खाली आलेला असतो. बायकार्ब आधी गेलं तर रक्त आम्लाकडे झुकतं, मग छाती भरभर हलायला लागते आणि सीओटू बाहेर टाकला जातो. उलट सीओटू आधी गेला तर रक्त अल्कलीकडे झुकतं आणि शरीर बायकार्ब खाली आणतं. सावरणारा उशिरा येतो आणि सहसा पुरता पडत नाही, म्हणून पीएच मूळ बिघाडाच्याच बाजूला राहतो.

टाइप वनची एकोणीस वर्षांची मुलगी, दोन दिवस उलट्या, इन्सुलिन चुकलेलं, श्वास खोल आणि जोरात. पीएच ७.२३, पीसीओटू २२, बायकार्ब ९. इथे कुणी चुकत नाही. दुसरी मुलगी, परीक्षेच्या हॉलबाहेर बसलेली, ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आखडलेली. पीएच ७.५४, पीसीओटू २५, बायकार्ब २१. इथेही कुणी चुकत नाही. (बोटं आखडतात कारण अल्कलीत कॅल्शियम अल्ब्युमिनला जास्त चिकटतं आणि मोकळं कॅल्शियम घटतं. एकूण कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मलच येतो.)

मी स्वतः चुकले ते तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नात. तोंडी परीक्षा होती. आठव्या महिन्यातली गर्भवती, तक्रार काही नाही, पीएच ७.४४, पीसीओटू २९, बायकार्ब १९. मी बायकार्ब बघितलं आणि ‘माइल्ड मेटॅबॉलिक ॲसिडोसिस’ म्हणून मोकळी झाले. परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसायला लागले. ॲसिडोसिस म्हणताना पीएच ७.४०च्या वर आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास वाढतो, सीओटू महिनोन्‌महिने तिशीच्या आसपास राहतो आणि मूत्रपिंडं सवडीने बायकार्ब टाकून पीएच जवळजवळ जागेवर आणतात. ते तिचं नॉर्मलच असतं.

इथे वेळेचा हिशेब शिरतो. सीओटू नुकताच पडला असेल तर दर १० मिलिमीटरमागे बायकार्ब साधारण २ने उतरतं. ते काम रक्तातल्या आणि पेशींमधल्या बफरचं, काही मिनिटांत होणारं. मूत्रपिंडांना दोन-तीन दिवस मिळाले तर दर १० मागे उतार ४ ते ५चा होतो. परीक्षेच्या हॉलबाहेरच्या मुलीचा सीओटू नेहमीच्या ४०पेक्षा १५ने खाली, म्हणून बायकार्ब नेहमीच्या २४पेक्षा ३ने खाली, २१. गर्भवतीचा सीओटू ११ने खाली, म्हणून बायकार्ब पाचाच्या आसपास खाली, १९. दोन्ही हिशेब चोख बसतात.

मेटॅबॉलिक ॲसिडोसिसचा हिशेब वेगळा, विंटर्सचा. बायकार्बची दीडपट करायची आणि त्यात ८ मिळवायचे. जो आकडा येईल त्याच्या दोन इकडे किंवा दोन तिकडे पीसीओटू असायला हवा. मधुमेही मुलीचं बायकार्ब ९, दीडपट साडेतेरा, अधिक ८ म्हणजे साडेएकवीस. तिचा पीसीओटू २२. म्हणजे तिच्या छातीने जेवढं करायला हवं तेवढंच केलंय, श्वासाचा वेगळा बिघाड नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हे सगळं लिहायला बसले तो. बावीस वर्षांचा मुलगा, सहा तासांपूर्वी मूठभर गोळ्या खाल्ल्या, कानात सतत आवाज, घाम, श्वास भरभर. पीएच ७.४४, पीसीओटू १८, बायकार्ब १२. सोडियम १४०, क्लोराइड १०२.

पीएच बघून ठरवणारा म्हणेल, नॉर्मल आहे. पण नॉर्मल पीएचखाली १८ आणि १२ असे आकडे दडलेले असताना तो पीएच बघून दिलासा वाटायचं कारण नाही. विंटर्स लावा: १२ची दीडपट १८, अधिक ८, म्हणजे २६. पीसीओटू मात्र १८. छातीने सावरण्यापुरता नाही, त्याहून बराच जास्त सीओटू टाकलाय, म्हणजे रेस्पिरेटरी अल्कलोसिस स्वतःच्या पायावर उभा आहे. मग दुसऱ्या बाजूने पाहा. सीओटू २२ने खाली, नुकताच पडला म्हणावं तर बायकार्ब साडेएकोणीसच्या आसपास हवं. आहे १२.

इथे हुशार मुलं फसतात. ती जुन्या अल्कलोसिसचा हिशेब लावतात: दर १० मागे ५, म्हणजे बायकार्ब ११ने खाली, १३. आलंय १२. ‘मॅडम, क्रॉनिक रेस्पिरेटरी अल्कलोसिस, बसतंय की!’ आकडा बसतो खरा, पण गोष्ट बसत नाही. सहा तासांत मूत्रपिंडं एवढं काम करत नाहीत. शिवाय त्यांनीच बायकार्ब टाकलं असतं तर त्याच्या जागी क्लोराइड चढलं असतं. इथे क्लोराइड जागेवर आहे आणि ॲनियन गॅप, म्हणजे १४० वजा १०२ वजा १२, निघतो २६. नेहमीचा बाराच्या आत असतो. बायकार्बची जागा कुठल्यातरी न मोजलेल्या आम्लाने घेतली आहे. दोन्ही बिघाड एकाच वेळी खरे आहेत. सॅलिसिलेट मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला थेट डिवचतं, म्हणून अल्कलोसिस. आणि पेशींतली ऊर्जेची यंत्रणा विस्कटून लॅक्टेट, कीटोन साठवतं, म्हणून ॲसिडोसिस. गोळ्या ॲस्पिरिनच्या. कानातला आवाज प्रश्नात उगाच टाकलेला नव्हता.

एक अडचण मात्र सांगून ठेवते. गॅसच्या मशीनवरचं बायकार्ब मोजलेलं नसतं, पीएच आणि पीसीओटूवरून काढलेलं असतं. त्यामुळे सॅम्पलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तिन्ही आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि तरीही चुकलेले असतात. प्रत्यक्षात मी शिरेतल्या रक्ताचं, लॅबने मोजलेलं बायकार्ब शेजारी ठेवून बघते. परीक्षेत ती चैन नसते.

या मुलाच्या प्रश्नाला बऱ्याचदा एक शेपूट असतं: तो दमलाय, गुंगीत चाललाय, ट्यूब टाकून नेहमीच्या रेटवर व्हेंटिलेटर लावला, पुढे काय? भूल देणारी म्हणून हा माझ्या आवडीचा भाग. त्याची छाती आत्ता मिनिटाला पस्तीस वेळा हलून पीसीओटू १८वर धरून आहे. आपण स्नायू सैल करायचं औषध देऊन ती थांबवली आणि मशीनवर १४चा रेट ठेवला, तर पीसीओटू ४०कडे सरकेल. बायकार्ब १२च राहिलं तर पीएच ७.४४वरून ७.१च्या आसपास येतो. आणि रक्त जितकं आम्ल, तितकं सॅलिसिलेट सुट्या, विद्युतभार नसलेल्या रूपात मेंदूत शिरतं. म्हणून ट्यूब टाकावीच लागली तर आधीपासून सोडाबायकार्ब चालू, मशीनचा रेट त्याच्या स्वतःच्या रेटला गाठणारा, आणि डायलिसिसवाल्यांना फोन ट्यूब टाकायच्या आधी.